जाहिरातीतील * आणि † या खुणा मराठी मजकुरात जागेवर कशा ठेवाव्यात

दसरा आणि पाडव्याच्या सुमारास नाशिकच्या वर्तमानपत्रांत गृहप्रकल्पांच्या ज्या जाहिराती येतात, त्यांतील अनेकींचा मूळ मजकूर इंग्रजीत तयार होतो आणि नंतर मराठीत उतरवला जातो. या प्रवासात दावे सहसा नीट उतरतात, पण दाव्याला बारीक अक्षरांतील अटीशी जोडणारी खूण भलत्याच शब्दापाशी जाऊन बसते. इंग्रजीत किंमत वाक्याच्या शेवटी येऊ शकते, मराठीत ती सुरुवातीला येते. अनुवादक शब्द हलवतो, तारांकन मात्र ओळीच्या टोकालाच राहते. हे टाळण्याची रीत पाथर्डी फाटा परिसरातील एका काल्पनिक प्रकल्पाच्या जाहिरातीवरून पाहू.

या जाहिरातीत दोन ओळी आणि तीन टिपा आहेत. पहिल्या ओळीत दोन बीएचके घरे ₹४९ लाखांपासून मिळतील असे म्हटले असून त्या किमतीला * ही खूण आहे. दुसऱ्या ओळीत मुद्रांक शुल्क शून्य असल्याचा दावा † या खुणेने, तर दसऱ्यापूर्वी नोंदणी करण्याची अट ‡ या खुणेने टिपेशी जोडलेली आहे. मजकुराला हात लावण्यापूर्वी कागदावर तीन रकाने आखावेत आणि खूण, ती ज्या दाव्याची आहे तो दावा व टीप असे समोरासमोर लिहावे. आपल्या उदाहरणात * ची टीप सांगते की ही किंमत पहिल्या तीन मजल्यांवरील सदनिकांची असून जीएसटी व नोंदणी शुल्क वेगळे आहे. † ची टीप सांगते की मुद्रांक शुल्क विकासक भरेल, पण नोंदणी शुल्क ग्राहकाने भरायचे आहे. आणि ‡ ची टीप सांगते की पाच टक्के रक्कम भरून झालेली नोंदणीच ग्राह्य धरली जाईल. मधल्या रकान्यात पूर्ण ओळ न लिहिता टीप नेमकी ज्याला मर्यादा घालते तेवढेच शब्द लिहावेत, कारण पुढचे सगळे काम त्या शब्दांवर चालते.

आता मराठी वाक्य खुणांशिवाय लिहावे आणि ते वाचायला सरळ झाल्यावरच खुणा घालाव्यात. पहिली ओळ अशी होईल: «₹४९ लाखांपासून* २ बीएचके घरे». खूण शेवटी राहून «घरे*» झाले असते, तर अट घरांविषयी आहे असा वाचकाचा समज झाला असता आणि किंमत बिनशर्त वाटली असती. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात, त्यामुळे खूण «लाखां*पासून» अशी मध्ये न घालता पूर्ण शब्दानंतर द्यावी. आकडा आणि त्याचे एकक यांच्यामध्येही ती नसावी.

दुसरी ओळ अधिक विचार करायला लावते: «दसऱ्यापूर्वीच्या नोंदणीवर‡ मुद्रांक शुल्क शून्य†». येथे ‡ ही खूण दसऱ्यापाशी नसून नोंदणीपाशी आहे, कारण तिची टीप तारखेविषयी काही सांगत नाही, नोंदणी कशाला म्हणायचे ते सांगते. तीन रकान्यांचा कागद नसता तर हा फरक सुटला असता. शिवाय मराठीत वाक्य फिरल्याने ‡ आधी आणि † नंतर आली. *, †, ‡, §, ‖, ¶ हा या खुणांचा रूढ क्रम आहे आणि त्या मजकुरात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने टिपा लावण्याचा प्रघात आहे. त्यामुळे येथे खुणांची अदलाबदल करावी का, हा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते तीन-चार टिपांच्या जाहिरातीत ती करू नये. कंपनीच्या वकिलाने प्रत्येक टीप तिच्या खुणेसह मान्य केलेली असते आणि इंग्रजी व मराठी प्रतींत एकाच टिपेला एकच खूण असली की पुढची तपासणी सोपी होते. अदलाबदल करायचीच असेल तर ती दावा आणि टीप अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी करावी. एका बाजूची बदलून दुसरी राहिली तर जाहिरात उघडपणे खोटे बोलू लागते.

याच टप्प्यावर टिपेचा आशयही तपासावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये लागू केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार टीप दाव्याचा खुलासा करू शकते, पण दाव्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, आणि ती दाव्याच्याच भाषेत असावी लागते. म्हणजे वर मराठी दावा आणि खाली जशाच्या तशा इंग्रजी टिपा ही नेहमी दिसणारी सोय चालणार नाही. «शुल्क शून्य†» म्हणून खाली ते शुल्क किमतीतच धरले असल्याचे सांगितले असेल, तर खूण कितीही अचूक बसवली तरी दोष जात नाही. असा मजकूर ग्राहक कंपनीकडे परत पाठवावा.

मजकूर डीटीपीला गेल्यावर वेगळ्या अडचणी येतात. युनिकोड नसलेल्या जुन्या देवनागरी फाँटांत † किंवा § यांच्या जागी एखादे जोडाक्षर वा मात्रेचा तुकडा बसवलेला असू शकतो, म्हणून पडद्यावरची खूण छपाईत निरर्थक अक्षर होऊन येते. अशा फाँटात काम असेल तर खुणेपुरता इंग्रजी फाँट निवडून विंडोजवर † साठी Alt+0134 आणि ‡ साठी Alt+0135 वापरावे. तारांकन बहुतेक फाँटांत मुळातच वर आणि लहान असते; त्याला पुन्हा सुपरस्क्रिप्ट केले तर वर्तमानपत्राच्या कागदावर त्याचा ठिपका होतो. वेलांटी किंवा रफार असलेल्या अक्षराला ते चिकटत असेल तर दोहोंमधले अंतर कर्निंगने वाढवावे. तिथे साधी स्पेस देऊ नये, कारण ओळ तुटली की तारांकन एकटेच पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाते आणि वाचक त्यालाच टीप समजतो. († ही खूण क्रिकेटच्या धावफलकात यष्टिरक्षकाच्या नावापुढे पाहिलेली असल्याने आपल्या वाचकाला ती अगदीच परकी नाही.)

मजकूर मंजुरीसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश म्हणून पाठवू नये, पीडीएफ पाठवावी. टिपेच्या ओळीच्या सुरुवातीला एक तारांकन आणि त्याच ओळीतल्या एखाद्या शब्दाच्या शेवटी दुसरे असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप त्या जोडीला ठळक अक्षरांची सूचना समजते. मधला मजकूर ठळक होतो आणि दोन्ही तारांकने दिसेनाशी होतात. तोच संदेश पाहून कोणी दुरुस्त्या सुचवल्या तर त्या खुणा नसलेल्या मजकुरावरच्या ठरतात.

शेवटचे वाचन छापील आकाराच्या प्रतीवर आणि खालून वर करावे. एकेक टीप घेऊन तिची खूण वर शोधावी आणि दावा व टीप सलग मोठ्याने वाचावी: «₹४९ लाखांपासून, पहिल्या तीन मजल्यांवरील सदनिका.» अर्थ जुळला तर तीन रकान्यांच्या कागदावर बरोबरची खूण करावी. वरून खाली वाचताना प्रत्येक दाव्याला टीप आहे एवढेच कळते. वर जिचा दावाच उरलेला नाही अशी अनाथ टीप खालून वाचतानाच सापडते.

अशा अनाथ टिपा बहुधा आकार बदलताना तयार होतात. अर्ध्या पानाची जाहिरात द्वारका चौकातल्या होर्डिंगसाठी कापली जाते तेव्हा मथळा आणि किंमत राहते, तर महारेराचा नोंदणी क्रमांक व क्यूआर कोड यांना जागा देताना टिपा आक्रसतात किंवा गळतात. म्हणून प्रत्येक आकारासाठी तीन रकान्यांचा कागद नव्याने भरावा. शुल्काची ओळ काढली असेल तर † आणि ‡ या दोन्ही टिपा काढाव्यात. किमतीची टीप दुचाकीवरून जाणाऱ्याला वाचता येईल एवढ्या अक्षरांत बसत नसेल, तर होर्डिंगवर प्रकल्पाचे नाव आणि ठिकाण ठेवावे व ₹४९ लाखांचा आकडा छापील जाहिरातीपुरता राखावा.