कॅश क्रेडिट खाते खरोखर ‘स्टँडर्ड’ आहे का? शाखा लेखापरीक्षणात कसे तपासावे

नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या शाखेत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वैधानिक लेखापरीक्षणाला बसलात, की सिस्टिमने काढलेली एनपीए, म्हणजे थकीत ठरून ‘स्टँडर्ड’ न राहिलेल्या कर्जांची, यादी तयार मिळते. मुदत कर्जाचा हप्ता थकला की ती यादी बहुधा बरोबर सांगते. कॅश क्रेडिट खात्यात धंद्याच्या गरजेप्रमाणे उचल आणि भरणा चालू असतो. तिथे मात्र सिस्टिमला ड्रॉइंग पॉवरचा, म्हणजे तारणावर किती उचल करता येईल त्याचा, आकडा शाखेतल्या माणसाने भरून दिलेला असतो आणि चूक तिथेच दडते. म्हणून वेळ कमी असेल तर मोठी कॅश क्रेडिट खाती आधी हाती घ्यावीत.

पिंपळगाव बसवंतकडच्या एका कृषी सेवा केंद्राचे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी सोपे केले आहेत. मंजूर मर्यादा ४० लाख, तारण दुकानातला खते-औषधांचा साठा, मार्जिन २५ टक्के. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास साठा ६० लाखांचा होता. शाखेने त्यातून मार्जिन वजा करून ४५ लाख काढले आणि मर्यादेइतकी, म्हणजे ४० लाख, ड्रॉइंग पॉवर सिस्टिमला दिली. पण स्टॉक स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर कंपन्यांचे २० लाख देणे स्पष्ट लिहिलेले होते. उधारीवर आणलेल्या मालावर बँक कर्ज देत नाही. तेव्हा पैसे चुकते केलेला साठा ४० लाखांचाच आणि खरी ड्रॉइंग पॉवर ३० लाख. पुढच्या महिन्यांची स्टेटमेंट्सही थोड्याफार फरकाने हेच सांगत होती. स्टेटमेंट तीन महिन्यांपेक्षा जुने असेल तर त्यावरची उचल अनियमित धरली जाते, म्हणून त्यावरची तारीखही पाहावी.

यानंतर खातेउतारा घेऊन दिवसअखेरची शिल्लक खऱ्या ड्रॉइंग पॉवरशी ताडावी. या खात्यात १० नोव्हेंबरपासून २७ मार्चपर्यंत शिल्लक एकदाही ३४ लाखांच्या खाली आलेली नाही. शिल्लक सलग ९० दिवस मर्यादेपेक्षा किंवा ड्रॉइंग पॉवरपेक्षा जास्त राहिली, की खाते ‘आउट ऑफ ऑर्डर’ होऊन एनपीए ठरते. इथे तो दिवस ८ फेब्रुवारी. शिल्लक मर्यादेत असूनही ९० दिवस जमाच नसेल, किंवा जमा त्या काळात लावलेल्या व्याजाइतकीही नसेल, तरी निकाल तोच.

इथे व्यवस्थापक २८ मार्चला जमा झालेल्या ९ लाखांकडे बोट दाखवतील: “साहेब, द्राक्षाचा पैसा आला, शेतकऱ्यांनी उधारी फेडली.” नाशकात हे अगदी पटण्यासारखे आहे, कारण उधारी खरोखरच काढणीनंतर वसूल होते. म्हणून जमा कुठून आली ते पाहावे. उधारीची वसुली लहान लहान रकमांनी येते. इथे एकच आरटीजीएस आहे, मालकाच्या भावाच्या फर्मकडून आलेला, आणि २ एप्रिलला साडेआठ लाख त्याच फर्मकडे परत गेले आहेत. एप्रिलचा उतारा मागितल्याशिवाय हे दिसत नाही, आणि तो मागायला पुष्कळजण विसरतात. ताळेबंदाच्या तोंडावर खाते नियमित केले असेल, तर ते कसे केले याचा समाधानकारक पुरावा बँकेने लेखापरीक्षकाला द्यायचा असतो. तसा पुरावा नसताना दुबळे खाते एका जमेने सुधारले असे मानता येत नाही. पीक हंगामावर आधारलेला एनपीएचा निकष शेतकऱ्याच्या पीक कर्जाला आहे, दुकानदाराच्या कॅश क्रेडिटला नाही.

आता उत्पन्न. या खात्यात २० जानेवारीनंतर खरी जमा नाही. त्यानंतर जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चअखेर प्रत्येकी ३३ हजार व्याज लावून शाखेने ते उत्पन्नात धरले. एनपीए झाल्यानंतरचे व्याज प्रत्यक्ष वसूल झाल्याशिवाय उत्पन्नात घेता येत नाही आणि आधीचे न मिळालेले व्याजही उलटवावे लागते. म्हणून तिन्ही महिन्यांचे मिळून ९९ हजार उत्पन्नातून काढावेत. न मिळालेले शुल्कही याच नियमाखाली येते. सरसकट सगळे व्याज मात्र उलटवू नये. जानेवारीपूर्वीचे व्याज दुकानाच्या विक्रीतून आलेल्या जमेने भागले होते. नवे कर्ज देऊन त्यातून व्याज भरून घेतले असते, तर मात्र ती वसुली धरली नसती.

३१ मार्चची शिल्लक २८ लाख ९९ हजार. व्याज काढल्यावर २८ लाख उरतात. ‘सबस्टँडर्ड’, म्हणजे एनपीएच्या पहिल्या, वर्गातल्या तारणी कर्जाला १५ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजारांची तरतूद लागते. साठा प्रत्यक्षात जागेवर आहे का, हे इथे विचारलेच पाहिजे, कारण तारण फार घटलेले निघाले तर वर्ग आणखी खाली जातो. एनपीए कर्जदार ठरतो, एकटे खाते नव्हे. त्यामुळे याच मालकाचे नियमित हप्ते भरलेले टेम्पोचे कर्जही सोबत एनपीए होईल.

शाखेचे हिशेब तोवर बंद झालेले असतात, म्हणून हे बदल एमओसीत, म्हणजे लेखापरीक्षकाने सुचवलेल्या बदलांच्या पत्रकात, लिहावेत: वर्ग, ८ फेब्रुवारी ही तारीख, उलटवायचे व्याज आणि तरतूद. तारीख चुकवू नये, कारण खाते पुढच्या ‘डाउटफुल’ वर्गात जाण्याचे १२ महिने तिथूनच मोजले जातात. व्यवस्थापकांची सही नाही मिळाली, तर त्यांचे म्हणणे लेखी घेऊन एमओसी तरीही द्यावा. सोबत ड्रॉइंग पॉवरचा हिशेब, स्टॉक स्टेटमेंटचे ते दुसरे पान आणि २ एप्रिलच्या नोंदीचा उतारा आपल्या कागदपत्रांत ठेवावा.