मिरजेतलं काम एनएचएसच्या अर्जात कसं मांडावं

सांगली-मिरजेहून प्लॅब देऊन इंग्लंडला येणारी मुलं पहिल्या नोकरीसाठी अर्ज करण्याआधी बऱ्याचदा मला सीव्ही पाठवतात. मीही मिरजेच्या शासकीय महाविद्यालयातूनच शिकलो. आता इथे ज्युनिअर डॉक्टरांच्या जागांसाठी आलेले अर्ज वाचण्याचं काम माझ्याकडेही असतं. त्यामुळे चांगलं काम केलेल्या मुलाचा अर्ज कुठे बाजूला पडतो, ते मला दिसतं.

आधी काय काढायचं ते सांगतो. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, धर्म, लग्न झालंय की नाही, दहावी-बारावीचे टक्के, काहीच नको. वर फक्त नाव, संपर्क, नोंदणी क्रमांक आणि व्हिसाची स्थिती. कॉलेजचं नाव पूर्ण लिहा. 'जीएमसी मिरज' लिहिलंत तर इथल्या माणसाला जीएमसी म्हणजे जनरल मेडिकल कौन्सिल वाटतं.

मग तारखा. सगळ्यात अलीकडचं काम सर्वात वर, आणि प्रत्येक ठिकाणी महिना व वर्ष. समजा, इंटर्नशिप मार्च 2023 ला संपली, बाँडची नेमणूक ऑगस्ट 2023 ला जत तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाली, ती जुलै 2024 ला संपली आणि प्लॅबचा दुसरा भाग नोव्हेंबर 2024 ला झाला. मधल्या दोन्ही मोकळ्या काळांवर एकेक ओळ हवी: 'नेमणुकीची प्रतीक्षा, प्लॅब एकचा अभ्यास', 'प्लॅब दोनची तयारी'. घरात आजारपण असेल तर तसं लिहा. कारण कुठलंही चालतं, पण रिकामी जागा दिसली की वाचणारा तिथेच थांबतो.

खरी गडबड कामाच्या वर्णनात होते. बहुतेक जण लिहितात, 'मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग, बालरोग पोस्टिंग केलं, सर्व इमर्जन्सी स्वतंत्रपणे हाताळल्या.' इंटर्न सगळं स्वतंत्रपणे करत नाही, हे इथल्या कन्सल्टंटला माहीत आहे. मुलाखतीत तो त्याच वाक्यावर बोट ठेवतो. त्याऐवजी कोणत्या प्रकारचा वॉर्ड होता, ड्यूटीत तुमच्याकडे काय होतं आणि वर कोण होतं, ते लिहा. उदाहरणार्थ: 'सांगली सिव्हिलच्या मेडिसिन वॉर्डात नवीन दाखल रुग्णांची हिस्टरी व तपासणी, रक्त घेणं, शिरेतून कॅन्युला, कॅथेटर हे स्वतः, एबीजी आणि लंबर पंक्चर रजिस्ट्रारच्या देखरेखीखाली.' कुठलं काम एकट्यानं केलं आणि कुठलं देखरेखीत, हा फरक ज्याला कळतो त्याच्यावर रात्रीची ड्यूटी सोपवता येते. वाचणारा हेच शोधत असतो.

बाँडचं वर्ष कित्येक जण एका ओळीत उरकतात. त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण तिथे तुम्ही पहिला निर्णय घेतलेला असतो. सर्पदंशाचा रुग्ण आला, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी लावली, अँटिव्हेनम सुरू केलं, श्वासाला त्रास दिसताच पुढे पाठवलं. बिघडत चाललेला रुग्ण ओळखून वेळेत मदत मागणं इथे रोज लागतं. तो प्रसंग दोन-तीन ओळींत लिहा, रुग्णाची ओळख कळेल असं काही न लिहिता.

याच कामातून ऑडिटही होतं. इथल्या बहुतेक जाहिरातींच्या पात्रतेच्या यादीत ऑडिट असतं आणि आपल्या मुलांचा तो रकाना रिकामा राहतो. समजा, तुम्ही सर्पदंशाचे 30 केसपेपर काढले आणि चाचणीची वेळ फक्त 12 वर लिहिलेली सापडली. केसपेपरवर वेळेचा छापील रकाना घातला, स्टाफला दाखवला आणि पुढच्या 30 मध्ये पुन्हा मोजलं, तर 25 निघाले. निकष, पहिली मोजणी, बदल आणि पुन्हा मोजणी, एवढं झालं की ऑडिट पूर्ण. दुसरी मोजणी राहिली असेल तर 'पहिली फेरी पूर्ण' असंच लिहा. मित्राचं ऑडिट आपल्या नावावर घेऊ नका. दोन प्रश्नांत ते उघडं पडतं, आणि खोटेपणाचा विषय थेट नोंदणीपर्यंत जातो.

बऱ्याच ठिकाणी सीव्ही जोडायची सोयच नसते, सगळं ऑनलाइन फॉर्ममध्ये भरावं लागतं. म्हणून सीव्ही तुमचा मूळ साठा समजा. जाहिरातीसोबतच्या यादीत जे 'आवश्यक' म्हणून दिलंय, त्या प्रत्येक मुद्द्याला सपोर्टिंग इन्फर्मेशनच्या रकान्यात त्याच क्रमानं उत्तर द्या. तोच मजकूर सगळीकडे चिकटवला की दुसऱ्याच हॉस्पिटलचं नाव त्यात राहून जातं.

शेवटी रेफरन्स. नेमणुकीपूर्वी साधारण मागच्या तीन वर्षांची पडताळणी होते. तेव्हा मिरज सोडण्याआधीच युनिट हेड सरांना किंवा मॅडमना भेटा, त्यांची परवानगी घ्या आणि कॉलेजचा अधिकृत ईमेल मागा. नुसता जीमेलचा पत्ता दिला तर एचआर खातरजमा मागतं आणि रुजू व्हायची तारीख पुढे जाते. बाँडच्या काळासाठी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांचं सही-शिक्क्याचं अनुभव प्रमाणपत्रही तेव्हाच घेऊन ठेवा.