फ्लिप्ड क्लासरूम घ्यायचाय? आधी फोन किती वाजता घरी येतो ते विचारा

मागच्या वेळी ओहमच्या नियमावर पहिला फ्लिप्ड तास घेतला आणि तोंडावर आपटलो, म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय. कल्पना साधी आहे, समजावून सांगायचा भाग मुलं घरी व्हिडिओवर बघतात आणि वर्गातला वेळ गणितं, प्रयोग, शंका यांना मिळतो. फायदा खराच आहे, कारण मूल अडतं ते गणित सोडवताना, आणि एरवी तेव्हा ते घरी एकटंच असतं.

सगळ्यात आधी घरच्या नेटची चौकशी करा. मी पण केली होती हो, "घरी स्मार्टफोन आहे का?" असं विचारलं, चाळीसपैकी अडतीस हात वर आले आणि मी खूश. दुसऱ्या दिवशी कळलं की सतरा जणांनी व्हिडिओ बघितलाच नाही. फोन होता, पण तो बाबांबरोबर कामावर जाऊन रात्री साडेनऊला घरी येतो, मग आधी मोठ्या बहिणीचा अभ्यास, आणि तोपर्यंत दिवसाचा डेटा संपलेला. म्हणून फोन आहे का हे विचारूच नका. फोन कुणाचा, घरी किती वाजता येतो, किती जणांत वाटला जातो आणि तेव्हा डेटा उरतो का, हे चार प्रश्न विचारा, आणि कागदावर, कारण हात वर करायला सांगितलं की लाजेपोटी सगळेच वर करतात. ऑनलाइन फॉर्म तर नकोच, ज्यांच्याकडे नेट नाही तेच त्यातून गळतात!

मग व्हिडिओ. आवाज स्वच्छ हवा, बाकी कॅमेरा-लाइटच्या नादी लागू नका. एका व्हिडिओत एकच मुद्दा, सहा-आठ मिनिटं पुरे. साइज मात्र बघा. आठ मिनिटांचा व्हिडिओ चांगल्या क्वालिटीत सहज 90 एमबी होतो, तोच 360p वर आणून फ्रेम कमी केल्या की फळ्यासारख्या स्थिर चित्राला साधारण 20-25 एमबी किंवा त्याहूनही कमी लागतात आणि अक्षरं तरी वाचता येतात. मी कॉम्प्युटरवर ffmpeg या फुकट प्रोग्रामची ही कमांड वापरतो:

```
ffmpeg -i ohm.mp4 -vf scale=-2:360 -r 15 -crf 30 -ac 1 -b:a 48k ohm_360.mp4
```

लिंक देऊ नका, फाइल द्या. लिंकवर प्रत्येक वेळी डेटा जातो, फाइल एकदा आली की चार वेळा फुकट बघता येते. आणि नेटशिवायचा रस्ता पहिल्या दिवसापासून हवा, नंतर बघू म्हणून चालत नाही. ही पद्धत गाजवणाऱ्या जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स यांनी 2007 च्या सुमारास कोलोरॅडोतल्या शाळेत सुरुवात केली तेव्हा नेट नसलेल्या मुलांना पेन ड्राइव्ह आणि डीव्हीडी दिल्या होत्या. आपण शाळेतच मेमरी कार्डावर फाइल टाकून देऊ शकतो, सोबत त्याच मुद्द्याचं एक पानी टिपण. व्हिडिओ आणि तास यात निदान दोन रात्री सोडा. का? फोन किती वाजता घरी येतो, परत तेच! एक रात्र हुकली तर दुसरी मिळते.

तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटांत तीन प्रश्नांची चिठ्ठी, मार्क नाहीत. "6 व्होल्ट, 3 ओहम, करंट किती?" असलं काहीतरी. ज्याला 2 अँपिअर आलं तो थेट प्रयोगाला. बाकीच्यांना वर्गातच मागच्या बाकावर शाळेच्या लॅपटॉपवर व्हिडिओ लावून द्या, आठ मिनिटांत तेही येतात.

आणि इथे मी केलेला दुसरा घोळ. सतरा जणांना माहीत नाही म्हणून मी सगळा धडा परत शिकवला, पंचवीस मिनिटं गेली, बघून आलेले जांभया देत बसले आणि पुढच्या वेळी त्यांच्यातलेही निम्मे न बघताच आले, बरोबरच आहे, सर सांगणारच आहेत तर डेटा कशाला घालवा! तेव्हा सगळ्यांना परत शिकवू नका. अजिबात नाही.

चिठ्ठ्या फेकू नका. सलग तीन तास तीच नावं कोरी दिसली तर आळशी म्हणायच्या आधी तो पहिला कागद काढा, बहुतेक वेळा फोन रात्री उशिरा येणारी तीच घरं असतात. साध्या तासाला निदान सगळ्यांच्या कानावर एकदा तरी पडतं. इथे त्या मुलांचं तेवढंही जातं आणि वर्ग कामात दिसतो म्हणून आपल्या लक्षातही येत नाही, मला तर थेट चाचणीतच कळलं.

बाकी बॅटरी, वायरी, गट आदल्या दिवशी. महिन्यातून दोनच धडे घ्या, सगळे नकोत. आणि तो चार प्रश्नांचा कागद दर सत्राला नव्याने भरून घ्या, फोन बिघडतात, विकले जातात, बाबांची शिफ्ट बदलते.