वन-वे की टू-वे? गाळ्याला टेप लावून स्लॅबचा प्रकार कसा ओळखावा

स्लॅबच्या सळ्या बांधून झाल्या की त्यांच्याकडे पाहून काही कळत नाही. उभ्या-आडव्या सळ्यांची जाळी वन-वे स्लॅबमध्येही असते आणि टू-वेमध्येही. पण दोन्हींत सळ्यांची कामं वेगळी. वन-वेमध्ये एकाच दिशेच्या सळ्या भार पेलतात. दुसऱ्या दिशेच्या सळ्या त्यांना जागेवर धरतात, भार थोडा पसरवतात आणि काँक्रीट आक्रसल्यामुळे किंवा तापमानामुळे पडणाऱ्या तड्यांना अटकाव करतात. टू-वेमध्ये दोन्ही दिशांच्या सळ्या भार घेतात. तुमच्या गाळ्यात, म्हणजे आधारांच्या मधल्या स्लॅबच्या तुकड्यात, यांपैकी काय लागू होतं ते टेप आणि साध्या भागाकाराने ठरवता येतं. फक्त टेप लावण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

आधी कडा मोजा

स्लॅब कशावर टेकला आहे? चारही कडांखाली बीम किंवा भारवाहक भिंत असेल, तरच लांबी-रुंदीच्या गुणोत्तराचा प्रश्न येतो. समोरासमोरच्या दोनच कडांखाली आधार असेल तर खोली अगदी चौरस, तीन मीटर बाय तीन मीटर असली तरी स्लॅब वन-वेच. भार आधाराकडेच जाणार, त्याला दुसरी वाट नाही. एकाच बाजूने धरलेला सज्जा किंवा बाल्कनीही वन-वेच. तिथे मुख्य सळ्या वरच्या थरात असतात, आणि ओतकामाच्या वेळी त्या पायांखाली दबल्या की सज्जाच कमकुवत होतो. तीन बाजूंनी टेकलेल्या स्लॅबला हा नियम चालत नाही; त्याचा हिशोब इंजिनिअरने स्वतंत्र करावा लागतो.

आधार म्हणजे काय, यावरही गफलत होते. आर.सी.सी. सांगाड्यात नंतर रचलेली चार इंची विटेची किंवा ब्लॉकची पार्टिशन भिंत स्लॅबला टेकलेली दिसली तरी तिला आधार धरत नाहीत. उद्या कोणी ती पाडली तर? दुसरा फसवा आधार म्हणजे स्लॅबच्या जाडीतच लपवलेला ‘कन्सील्ड’ बीम. १२५ मिमी स्लॅबमध्ये १२५ मिमी खोलीचा बीम घातला, त्यात सळ्या कितीही भरल्या, तरी तो स्लॅबबरोबरच वाकतो. वाकणारी कड गाळ्याची सीमा होऊ शकत नाही. खाली ठळकपणे उतरलेला बीम दिसला तरच ती कड मोजा.

मग दोन बाजू मोजा

बीमच्या आतल्या तोंडापासून समोरच्या बीमच्या आतल्या तोंडापर्यंतचं मोकळं अंतर घ्या. ते दोन्ही दिशांनी मोजा. याला स्लॅबची ‘प्रभावी खोली’ जोडतात, म्हणजे स्लॅबच्या वरच्या पृष्ठभागापासून खालच्या सळीच्या मध्यापर्यंतचं अंतर. १२५ मिमी स्लॅबमध्ये सळीखाली २० मिमी काँक्रीटचं कव्हर आणि ८ मिमी सळी धरली तर १२५ मधून २० आणि ४ वजा होऊन १०१ मिमी, म्हणजे साधारण ०.१० मीटर उरतं. मोकळं अंतर अधिक ही खोली, किंवा एका आधाराच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर, यांतलं जे कमी तो त्या दिशेचा हिशोबातला गाळा.

मग लांब गाळ्याला लहान गाळ्याने भागा. उत्तर २ पेक्षा जास्त आलं तर वन-वे, २ किंवा कमी आलं तर टू-वे. भारतात आयएस ४५६ : २००० या काँक्रीट बांधकामाच्या संहितेच्या आधारे आराखडे करताना हीच रेघ धरली जाते.

उदाहरण घेऊ. एका घराच्या बेडरूमचा गाळा मोकळा ३.०० × ३.६० मीटर, चारही बाजूंना २३० मिमी रुंद बीम, स्लॅब १२५ मिमी. हिशोबातले गाळे ३.१० आणि ३.७०. भागाकार १.१९, म्हणजे टू-वे. त्याच घराचा हॉल मोकळा ३.२० × ७.०० मीटर, स्लॅब १५० मिमी. तिथे गाळे साधारण ३.३३ आणि ७.१३, भागाकार २.१४, म्हणजे वन-वे. भार हॉलच्या दोन लांब बीमांवर जातो. टोकांच्या आखूड बीमांकडे थेट फारसं काही येत नाही.

दोनच का?

स्लॅबच्या मध्यातून एकमेकींना छेदणाऱ्या एक मीटर रुंदीच्या दोन पट्ट्या कल्पा, एक आखूड दिशेने, एक लांब दिशेने. जिथे त्या भेटतात तिथे दोघी सारख्याच खाली वाकल्या पाहिजेत, कारण काँक्रीट एकच आहे. पण सारख्या भाराखाली पट्टीचं वाकणं तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतं. लांबी दुप्पट झाली तर वाकणं सोळा पट. म्हणून दोघींना सारखं वाकायचं असेल तर आखूड पट्टीने लांब पट्टीच्या सोळा पट भार उचलायला हवा. गुणोत्तर २ असलं की भाराचा साधारण ९४ टक्के हिस्सा आखूड दिशेने जातो. लांब दिशेचा ६ टक्के वाटा मोजत बसण्यात अर्थ नाही, म्हणून तिथे रेघ मारली आहे.

हीच मांडणी बेडरूमला लावा. भागाकार १.२ धरला तर त्याचा चौथा घात सुमारे २.०७, म्हणजे आखूड दिशेला सुमारे ६७ टक्के आणि लांब दिशेला ३३ टक्के. वन-वे धरून मुख्य सळ्यांचा हिशोब केला तर आखूड दिशेत वाकवणाऱ्या जोराचा गुणांक ०.१२५ घेतात. साध्या टेकलेल्या टू-वे स्लॅबसाठी संहितेच्या तक्त्यात १.२ समोर ०.०८४ आहे, म्हणजे तिसरा हिस्सा कमी. फरशी, प्लास्टर आणि राहत्या घराचा नेहमीचा भार धरून एफई ५०० दर्जाच्या सळीचा हिशोब केला तर वन-वे धरल्यास ८ मिमी सळ्या साधारण १७५ मिमी अंतरावर लागतात. टू-वे धरल्यास दोन्ही दिशांना २५० मिमीवर भागतं.

म्हणूनच भागाकार १.९ किंवा २.१ आला तर वन-वे की टू-वे यावर वाद घालू नये. तिथे दोन्ही हिशोबांत फारसा फरक पडत नाही. खरा फरक पडतो तो चौरसाच्या जवळच्या गाळ्यांत.

ओतकामाच्या आधी सेंटरिंगवर काय पाहावं

जाळीतली खालची सळी कोणती ते पाहा; ती कव्हर ब्लॉकवर टेकलेली असते. वन-वे असो वा टू-वे, चारही बाजूंना टेकलेल्या स्लॅबमध्ये खालची सळी आखूड दिशेनेच धावली पाहिजे. त्या दिशेला जोर जास्त आणि खालच्या सळीला प्रभावी खोलीही जास्त मिळते. सळ्या बांधणाऱ्या फिटरने टू-वेमध्ये थर उलटे केले तर आपल्या १२५ मिमी स्लॅबमध्ये आखूड दिशेची खोली १०१ वरून ९३ मिमीवर येते. ताकद ८ टक्क्यांच्या आसपास घटते. चूक आहे, पण सुधारण्यासारखी.

वन-वेमध्ये मात्र दिशाच उलटली तर मामला गंभीर. आपल्या हॉलमध्ये आखूड दिशेला मुख्य सळ्या ८ मिमी १७५ वर हव्यात, लांब दिशेला डिस्ट्रिब्यूशनच्या, म्हणजे भार पसरवणाऱ्या, ८ मिमी २७५ वर पुरतात (स्लॅबच्या छेदाच्या ०.१२ टक्के हे किमान प्रमाण धरून). ड्रॉइंगवरचे बाण उलटे वाचून फिटरने अदलाबदल केली, तर आखूड दिशेची ताकद सुमारे साठ टक्क्यांवर येते. वरून पाहिलं तर जाळी दोन्ही बाबतींत सारखीच दिसते. म्हणून सळ्यांच्या दहा फटी एकदम टेपने मोजा. १७५ मिमीवर असतील तर १७५० मिमी आलं पाहिजे, आणि हे अंतर हॉलच्या लांबीच्या दिशेने मोजायचं, कारण आखूड दिशेने धावणाऱ्या सळ्या लांबीवर एकेक करून मांडलेल्या असतात. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

मध्ये बीम आला की सळ्या वळतात

गाळा म्हणजे खोली नव्हे. समजा ३.६० × ४.८० मीटरच्या खोलीवर भागाकार १.३२, म्हणजे टू-वे, आणि खालच्या सळ्या ३.६० च्या दिशेने. वरच्या मजल्यावर भिंत येणार म्हणून इंजिनिअरने खोलीच्या मध्यातून ३.६० मीटरच्या दिशेने २३० मिमीचा बीम टाकला. आता दोन गाळे झाले, प्रत्येक ३.६० × २.२८. भागाकार १.५५ च्या आसपास, म्हणजे टू-वेच. पण आखूड बाजू बदलली! आधी ती ३.६० होती, आता २.२८, आणि तीही नव्वद अंशांत फिरलेली. खालची सळी आता खोलीच्या लांबीच्या दिशेने धावली पाहिजे. ड्रॉइंग सुधारलं पण फिटरला जुनीच जाळी सांगितली गेली, असं सहज घडतं. बीम बदलला की प्रत्येक गाळ्याला टेप पुन्हा लावा. शौचालयाच्या खाली उतरवलेल्या स्लॅबलाही स्वतःचे बीम असतात, त्याचाही वेगळा हिशोब.

नंतर तडे काय सांगतात

खालच्या बाजूला, लांब बाजूला समांतर, गाळ्याच्या मधोमध तडा दिसला तर वन-वे स्लॅबच्या मुख्य सळ्या कमी आहेत किंवा उलट्या पडल्या आहेत का, ही शंका पहिली घ्यावी. टू-वेमध्ये खालचे तडे कोपऱ्यांपासून तिरके मध्याकडे येतात.

वन-वे हॉलच्या आखूड टोकांना वरच्या बाजूला, बीमला समांतर, एक बारीक तडा पडतो. हिशोबात भार तिकडे जात नाही, पण बीमजवळचा स्लॅब थोडा तरी त्यावर अडकतोच. म्हणून आखूड बीमांवरही वरच्या थरात थोड्या सळ्या टाकाव्यात. ड्रॉइंगमध्ये त्या नसतील तर ओतकामाआधी इंजिनिअरला विचारावं. स्वखर्चाने चार सळ्या वाढवून हा प्रश्न सुटत नाही, त्या किती आत जायच्या तेही ठरावं लागतं.

टू-वेच्या मोकळ्या कोपऱ्यात, म्हणजे जिथे दोन्ही कडांपलीकडे स्लॅब नाही तिथे, कोपरा वर उचलू पाहतो. वर भिंत किंवा पॅरापेट त्याला दाबून धरत असेल तर काँक्रीटमध्ये पीळ पडतो आणि वरून तिरका तडा जातो. यासाठी संहितेत वर आणि खाली जाळी सांगितली आहे, आखूड गाळ्याच्या पाचव्या हिश्शाइतकी लांब. आपल्या बेडरूममध्ये ती सुमारे ६२० मिमी होते, आणि प्रत्येक थरात मधल्या भागाला लागणाऱ्या सळ्यांच्या तीन चतुर्थांश सळ्या. सेंटरिंगवर फिरताना गच्चीच्या स्लॅबचे चार बाहेरचे कोपरे पाहा. वरच्या थरात काही नसेल तर ती जाळी बांधून घेतल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका.