बायोडाटा मराठीतून इंग्रजीत नेताना नाव आणि तारखा बिघडतात : या चुका टाळा

दारव्हा, आर्णी, धारणी यांसारख्या तालुक्याच्या गावी बायोडाटा बहुधा झेरॉक्सच्या दुकानात किंवा सेवा केंद्रात टाइप होतो. तो आधी मराठीत तयार होतो आणि नागपूर-पुण्याकडच्या नोकरीसाठी अर्ज करायचा झाला की त्याचीच इंग्रजी प्रत काढली जाते. ही प्रत संकेतस्थळावर चढवल्यावर ती प्रथम माणसाच्या हाती जात नाही. पार्सर नावाची संगणक-प्रणाली तिच्यातला मजकूर उपसून नाव, आडनाव, जन्मतारीख, शिक्षण आणि अनुभव यांचे रकाने भरते आणि भरती करणारा माणूस पुढे त्या रकान्यांतच शोध घेतो. रकाना रिकामा राहिला तर निदान लक्षात तरी येते. चुकीच्या मजकुराने भरलेला रकाना मात्र बिनचूक रकान्यासारखाच दिसतो आणि उमेदवाराला त्याचा पत्ता लागत नाही.

उदाहरणासाठी एक काल्पनिक बायोडाटा घेऊ.

```
नाव : वानखडे प्रवीण ज्ञानेश्वर
जन्मतारीख : ०५/०६/२००१
बारावी : २०१८-१९
बी.कॉम. : उन्हाळी २०२२
अनुभव : ०१/०७/२०२२ पासून आजपर्यंत, कृषी केंद्रात हिशेबनीस
```

मराठी वाचणाऱ्याला यात काहीच संदिग्ध वाटणार नाही. आता टायपिंग करणाऱ्याने घाईत काढलेली इंग्रजी प्रत पाहा.

```
Name: Vankhade Pravin Gyaneshwar
Date of Birth: 05/06/2001
HSC: 2018-19
B.Com.: Summer 2022
Experience: 01/07/2022 to Till Date
```

पहिला घोटाळा नावाच्या क्रमात आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते आणि तोच क्रम आपण आयुष्यभर सगळीकडे लिहितो. सर्वसाधारण पार्सर मात्र पहिला शब्द नाव आणि शेवटचा शब्द आडनाव असे धरून चालतो. म्हणून वरच्या प्रतीतून `Vankhade` हे नाव, `Pravin` हे मधले नाव आणि `Gyaneshwar` हे आडनाव ठरते. म्हणजे वडिलांचे नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसते आणि आडनावाने शोध घेणाऱ्याला हा उमेदवार सापडतच नाही. इंग्रजी प्रतीत नाव, वडिलांचे नाव, आडनाव असाच क्रम ठेवावा. गुणपत्रिकेतला क्रम वेगळा असल्याची काळजी करू नये, कारण पडताळणी करणाऱ्या माणसाला महाराष्ट्रातला हा रिवाज ठाऊक असतो. काही जण आडनावानंतर स्वल्पविराम देऊन जुना क्रम कायम ठेवतात. काही पार्सरना ती खूण समजते, पण सर्वांना समजेलच असे नसल्यामुळे तिच्यावर विसंबू नये.

याच ओळीत आपल्याकडच्या मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. शाळा-महाविद्यालयाच्या कागदांवर नावाआधी 'कु.' लिहिण्याची सवय असते आणि इंग्रजी प्रतीत त्याचे `Ku.` होते. पार्सरच्या ओळखीच्या उपाध्यांत `Mr.` आणि `Ms.` असतात, पण `Ku.` बहुधा नसते. मग तेच तिचे पहिले नाव ठरते आणि खरे नाव मधल्या रकान्यात सरकते. 'सौ.' आणि 'चि.' यांचेही तेच होते. बायोडाट्यात नावाआधी कोणतीही उपाधी लिहू नये.

दुसरा आणि माझ्या मते सर्वांत जास्त त्रास देणारा घोटाळा स्पेलिंगचा आहे. 'व' हे अक्षर काही जण `V` ने तर काही जण `W` ने लिहितात. 'ज्ञ' साठी मराठी वळणाने `Dny` लिहिले जाते, पण हिंदी उच्चारावर बेतलेल्या साधनातून `Gy` बाहेर पडते. 'प्रवीण' कधी `Pravin` असतो, कधी `Praveen`. त्यात वानखडे आणि वानखेडे ही विदर्भातली दोन वेगळी आडनावे आहेत आणि टायपिंग करणारा एकाला चूक समजून दुसरे करून टाकतो. समजा, प्रवीणच्या गुणपत्रिकेवर `WANKHADE PRAVIN DNYANESHWAR` आहे, आधारवर `Praveen Dnyaneshwar Wankhede` आहे आणि बायोडाट्यात वरचे तिसरेच रूप आहे. माणसाला ही तिन्ही नावे एकाचीच आहेत हे कळते. अक्षरशः जुळवणी करणाऱ्या प्रणालीला मात्र ते तीन वेगळे लोक वाटतात. त्यामुळे एकाच उमेदवाराच्या दोन नोंदी तयार होतात किंवा निवड झाल्यावर कागदपत्रांच्या पडताळणीत प्रकरण अडून बसते.

यावर उपाय एकच आहे : इंग्रजी स्पेलिंग उच्चारावरून नव्याने बनवू नये, ते दहावीच्या गुणपत्रिकेवरून अक्षर अक्षर पाहून उतरवावे. ते आपल्याला पटत नसले तरीही तेच ठेवावे. पॅन, बँकेचे खाते आणि आधार हे सगळे त्या एका स्पेलिंगशी जुळवून घ्यावे. आधारवर नाव दोनदाच दुरुस्त करता येते, त्यामुळे कोणते स्पेलिंग कायम ठेवायचे हे आधी ठरवूनच दुरुस्तीला जावे.

उलट दिशेने, म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना, अक्षरे हरवतात. 'काळे' चे `Kale` झाले की त्यातला 'ळ' पुसला जातो आणि साधनाने परत मराठी केल्यावर 'काले' हाती येते. 'इंगळे' चे 'इंगले' होते. संपूर्ण पानच भाषांतराच्या साधनातून काढले तर 'पांढरे' या आडनावाचा रंगही होऊ शकतो. म्हणून मराठी नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून घ्यावे आणि नाव व गाव यांच्या ओळी भाषांतराच्या साधनात कधीही टाकू नयेत.

आता तारखा. `05/06/2001` ही आपल्याकडे ५ जून असते. अमेरिकी पद्धतीत आधी महिना येत असल्यामुळे तिकडच्या वळणाची प्रणाली ती ६ मे अशी वाचते. याहून अवघड गोष्ट अशी की ती प्रणाली नेहमी एकसारखी चुकत नाही. पायथन या संगणक-भाषेत तारखा वाचण्यासाठी सर्रास वापरले जाणारे `dateutil` हे साधन पाहा :

```python
from dateutil import parser
parser.parse("05/06/2001")  # 2001-05-06
parser.parse("25/06/2001")  # 2001-06-25
```

पहिल्या तारखेत त्याने आधी महिना धरला. दुसऱ्या तारखेत २५ वा महिना नसल्यामुळे त्याने काही न बोलता क्रम उलटवला. परिणामी एकाच बायोडाट्यातल्या काही तारखा बरोबर आणि काही चूक निघतात आणि बरोबर निघालेल्या पाहून तपासणाऱ्याचा बाकीच्यांवरही विश्वास बसतो. प्रणाली लिहिणाऱ्याने भारतीय अर्जांसाठी `dayfirst=True` द्यायला हवे, पण अर्जदाराला ते पाहता येत नाही.

प्रवीणच्या बाबतीत जन्मतारीख महिन्याभराने सरकली. वयात फारसा फरक पडला नाही, म्हणून ते पॅनशी जुळवणी होईपर्यंत कोणाच्या लक्षात येणार नाही. अनुभवाची तारीख मात्र अधिक घातक ठरते. `01/07/2022` म्हणजे १ जुलै. ती ७ जानेवारी अशी वाचली गेली की त्याचा अनुभव जवळपास सहा महिन्यांनी वाढतो आणि पदवीची उन्हाळी परीक्षा होण्याआधीच तो पूर्णवेळ नोकरीला लागल्याचे दिसते. पडताळणी करणाऱ्याला हा वाढवून सांगितलेला अनुभव वाटतो आणि एका प्रामाणिक मुलावर विनाकारण संशय येतो.

शैक्षणिक वर्षाची रीतही अशीच फसवी आहे. `2018-19` मधला १९ हा महिना असू शकत नाही, म्हणून तो रकाना बहुधा रिकामा राहतो. पण थोड्या मोठ्या वयाच्या उमेदवाराने `2011-12` लिहिले, तर वर्ष-महिना या क्रमाने वाचणारी प्रणाली त्याचा अर्थ डिसेंबर २०११ असा लावते. अमरावती आणि नागपूर विद्यापीठांच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी अशा नावांनी ओळखल्या जातात. `Summer 2022` यातून पार्सरला वर्ष मिळाले तरी महिना मिळत नाही. परीक्षेचा किंवा निकालाचा महिना गुणपत्रिकेवरून पाहून तोच लिहावा. सर्व तारखांत महिना अक्षरांत आणि वर्ष चार अंकी ठेवावे, आणि आजपर्यंत चालू असलेल्या कामापुढे `Present` लिहावे. सुधारलेली प्रत अशी होईल :

```
Name: Pravin Dnyaneshwar Wankhade
Date of Birth: 05 June 2001
HSC: February 2019
B.Com.: June 2022
Experience: 01 July 2022 to Present
```

यातले बारावी आणि बी.कॉम.चे महिने उदाहरणापुरते आहेत.

मराठी बायोडाटाच चढवायचा असेल, तर सर्वप्रथम टंक तपासावा. अनेक दुकानांत अजून कृतिदेव चालतो. त्यात पडद्यावर मराठी दिसत असली तरी आत इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात, म्हणून 'वानखडे प्रवीण' हे पार्सरपर्यंत `oku[kMs izoh.k` असे पोहोचते. हे ओळखण्यासाठी फाइलमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. तिथे अशी अक्षरे दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये नव्याने टाइप करावा. रूपांतर करणारी साधने वापरायची असतील तर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि 'ऱ्ह' या जागा नंतर डोळ्यांखालून घालाव्यात, कारण रूपांतर बहुतेक तिथेच बिघडते.

युनिकोड असूनही पीडीएफमधून वेलांट्या जागा सोडून बाहेर येऊ शकतात आणि 'विदर्भ' मधली वेलांटी 'व' च्या आधी जाऊन पडते. नोटपॅडची चाचणी पीडीएफवरही करावी आणि मजकूर तुटत असेल तर वर्डची मूळ फाइल चढवावी. कुऱ्हाडे किंवा गोऱ्हे यांसारख्या आडनावांतले 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप करता येते आणि दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसतात, पण साध्या शोधात ती एकमेकांशी जुळत नाहीत. अशा आडनावाच्या उमेदवाराने इंग्रजी स्पेलिंगही त्याच ओळीखाली द्यावे, म्हणजे एका रूपाने नाही तरी दुसऱ्या रूपाने नोंद सापडेल.

मराठी अंकांविषयीही सावध राहावे. पायथनमध्ये मजकुरातले अंक शोधणारी `\d` ही खूण '०५' ला अंक मानते, `[0-9]` मानत नाही आणि जावास्क्रिप्टमध्ये तर `\d` सुद्धा मानत नाही. म्हणजे तीच जन्मतारीख एका संकेतस्थळावर वाचली जाईल आणि दुसऱ्यावर गायब होईल. त्यामुळे मजकूर मराठी असला तरी बायोडाट्यातल्या तारखा, मोबाइल क्रमांक आणि टक्केवारी इंग्रजी अंकांतच लिहावी.

फाइल चढवल्यानंतर बहुतेक संकेतस्थळे भरलेले रकाने एकदा दाखवतात आणि घाईत आपण थेट पुढचे बटण दाबतो. तिथे थांबून गुणपत्रिका हातात घ्यावी. आडनावाच्या रकान्यात वडिलांचे नाव गेले आहे का, हे आधी पाहावे आणि मग ज्या तारखांत दिवस १२ किंवा त्याहून कमी आहे त्या तपासाव्यात, कारण दिवस-महिन्याची अदलाबदल फक्त त्याच तारखांत होऊ शकते.