मिस्ड कॉलचा निरोप मजकुरात येत नाही? या चुका टाळा

औशाचे आमचे एक मामा शेतीपंपाच्या मोटारी भरतात. कॉइल भरताना हात गुंतलेले असतात, वार्निश लावताना तर फोनला शिवताही येत नाही. म्हणून त्यांच्या फोनवर व्हॉइसमेलचं अ‍ॅप टाकून दिलं. कॉल उचलला नाही की समोरच्यानं निरोप बोलायचा आणि तो अक्षरांत नोटिफिकेशनवर यायचा. चार दिवसांनी मामा म्हणाले, "बाळा, गिऱ्हाईक म्हणतंय निरोप सांगितला, माझ्याकडं तर काहीच आलं नाही बग."

अशा वेळी सगळे अ‍ॅपला दोष देतात. अशी बरीच अ‍ॅप कॉल फॉरवर्डिंगवर चालतात. न उचललेला कॉल तुमच्या सिमचं नेटवर्क अ‍ॅपच्या नंबरकडं वळवतं, निरोप तिथं रेकॉर्ड होतो, मग त्याचा मजकूर होऊन इंटरनेटवरून तुमच्याकडं येतो. कॉल वळलाच नाही तर अ‍ॅप काय करणार? म्हणून आधी वळण तपासा.

मामांच्या पुतण्यानं फॉरवर्डिंगमध्ये `Always forward` लावलं होतं. याची खूण सोपी आहे: फोन वाजतच नाही. प्रत्येक कॉल परस्पर निघून जातो. ते बंद करून `When unanswered`, `When busy` आणि `When unreachable` या तीन ठिकाणी अ‍ॅपनं दिलेला नंबर भरायचा असतो. शेवटचं आपल्याकडं विसरू नये. शिवारात रेंज गेली किंवा बॅटरी संपली तर त्याच वाटेनं निरोप पोहोचतो.

एवढं करूनही निरोप येईनात. मिस्ड कॉल मात्र दिसत होते. मग हे डायल करून पाहिलं:

```
*#61#
```

न उचललेला कॉल कुठं वळतो ते यावरून पडद्यावर येतं. नंबर बरोबर होता, पण कॉल वळण्याआधी थांबायची वेळ 30 सेकंद होती. खरी गोम इथंच होती. दूरसंचार नियामक ट्रायनं 2019 मध्ये मोबाइलची रिंग 30 सेकंदांची ठरवून दिली. म्हणजे रिंग संपायची आणि कॉल वळायचा क्षण एकच. रिंग आधी संपली की कॉल तुटतो आणि निरोपाचा प्रश्नच उरत नाही. ही वेळ 5 ते 30 सेकंदांत, पाच-पाचच्या टप्प्यानं ठेवता येते. आम्ही 20 केली. 10 ठेवली असती तर मामांना हात पुसून फोन उचलायलाही सवड मिळाली नसती.

फोनमध्ये दोन सिम असतील तर फॉरवर्डिंग दोन्हीवर वेगवेगळं लावावं लागतं. वळवलेला कॉल तुमच्या सिमवरून केलेला कॉल धरला जातो, म्हणून रिचार्ज संपला की तेही थांबतं. इनकमिंग चालू असल्यामुळं हे पटकन ध्यानात येत नाही.

आणखी एक जपा. अनोळखी माणसानं फोनवर सांगितलेला `*401#` सारखा कोड कधीच डायल करू नका. त्यानं तुमचे कॉल भामट्याकडं वळतात आणि ओटीपी त्याच्या कानावर पडतात. 15 एप्रिल 2024 पासून `*401#` सारख्या कोडनं कॉल वळवण्याची सोय बंद ठेवण्याचा आदेश दूरसंचार विभागानं याचसाठी काढला होता. शंका आली तर `##002#` डायल करून सगळं फॉरवर्डिंग काढून टाका आणि नव्यानं लावा.

निरोप येतो, पण अ‍ॅप उघडल्यावरच दिसतो, असं असेल तर फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपला `Unrestricted` करा. दोनच सेकंदांचे रिकामे निरोप येत असतील तर लोक बहुधा अ‍ॅपचा इंग्रजी आवाज ऐकून फोन ठेवतायत. मामांनी स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलं: "मी कामात हाय. नाव, गाव आन् मोटार किती एचपीची ते सावकाश सांगा." तेव्हापासून लोक बोलायला लागले.

राहिला मजकूर. मजकुराची भाषा मराठी निवडलेली आहे का ते बघा. हिंदी राहिली असेल तर मराठी बोलणं भलतंच उमटतं. मराठी असली तरी साडे, पावणे, दीड, अडीच यांवर भरवसा ठेवू नका. एका शेतकऱ्यानं सांगितलं होतं, "साडेसातची मोटार जळालीय, पावणेसहा हजारात भरा." पडद्यावर आलं "सात ची मोटर" आणि "पाव सहा हजार". एचपीचा आकडा बदलला की वायंडिंग एक राहत नाही, तारेची जाडी आणि वेढे दोन्ही बदलतात. म्हणून कोणाचा कॉल, कशासाठी, एवढं मजकुरावरून कळून घ्या. आकडा, गाव आणि वेळ मात्र मूळ आवाज ऐकूनच वहीत लिहा. मामा आता तसंच करतात, आणि भाव पक्का करायला उलटा फोन लावतात.