स्वित्झर्लंडला आठवडाभर जाताय? फोनचा हिशेब आधी करा

जर्मनीत आल्यावर पहिल्या वर्षात आपल्याकडचा प्रत्येक जण स्वित्झर्लंडला जाऊन येतो, आणि परतल्यावर दर दहांतला एक तरी मोबाइलच्या बिलाचा फोटो ग्रुपवर टाकून विचारतो, "हे कसलं?" मी स्टुटगार्टला पंधरा वर्षं राहतोय. तो फोटो आला की मला माझंच पहिलं बिल आठवतं, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो.

माझं बिल तर स्वित्झर्लंडला न जाताच आलं होतं. रविवारी आम्ही कॉन्स्टान्सला तळ्याकाठी गेलो होतो. कॉन्स्टान्स जर्मनीत, पण पलीकडचं क्रॉइत्सलिंगन स्वित्झर्लंडमध्ये, आणि दोन्ही गावं एकमेकांना अशी चिकटलेली की सांगलीहून मिरज कधी लागलं कळत नाही तसं. बाकावर बसून आईला व्हिडिओ कॉल लावला. फोनने पलीकडचा टॉवर धरला होता, मला पत्ताच नाही. थोड्या वेळाने जर्मन मेसेज आला. तेव्हा माझं जर्मन ब्रेड मागण्यापुरतं. कॉल तुटला होता आणि मेसेजमधलं एक उत्तर पाठवलं की परत सुरू होईल एवढंच कळलं. पाठवलं. महिन्याअखेरीस नेहमीच्या बिलावर 119 युरो जादा.

ते 119 कुठून आले हे मला नंतर समजलं. युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे रोमिंगचा डेटा 50 युरोंवर, म्हणजे 19 टक्के कर धरून 59.50 वर, आपोआप थांबवावा लागतो. तो थांबला होता. मी स्वतःच्या हाताने "चालू ठेवा" म्हटलं आणि आणखी 59.50 घातले. तेव्हा परदेशी नेटवर्कवर असताना कंपनीचा मेसेज आला, तर तो भाषांतर करून वाचल्याशिवाय काहीही उत्तर पाठवू नका. आईशी दहा मिनिटं कमी बोललात तरी चालेल. शिवाय ही मर्यादा सगळीकडे लागू पडेलच असं नाही. तिथलं नेटवर्क खर्च त्या त्या क्षणी कळवत नसेल तर ती लागतच नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका.

मूळ घोळ असा की 15 जून 2017 पासून युनियनमध्ये रोमिंग घरच्या दराने मिळतं. पॅरिस, व्हिएन्ना, प्राग फिरून आपल्याला सवय लागते आणि डेटा रोमिंग कायम चालू राहतं. हा नियम नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइनलाही लागू आहे, कारण ते युरोपियन आर्थिक क्षेत्रात आहेत. स्वित्झर्लंड त्यात नाही. गंमत म्हणजे बाझेलचं बाडिशर बानहोफ हे स्टेशन जर्मन रेल्वेचं, पण उभं आहे स्विस जमिनीवर. फ्रायबुर्गहून गाडीने आलात आणि स्टेशन जर्मन म्हणून निर्धास्त बसलात, तर फोन तुमच्याइतका निर्धास्त नसतो.

आता ग्रुपवर "कुठलं सिम घेऊ?" विचारलं की पहिलं उत्तर येतं, "आमचं तर फुकट चाललं." हे उत्तर देणाऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट महिना चाळीस युरोंचं असतं आणि त्यात स्वित्झर्लंड आधीच धरलेलं असतं. तुमचं सुपरमार्केटच्या सिमचं दहा युरोंचं असेल तर त्यांचं फुकट तुम्हाला लागू नाही. म्हणून आधी तुमच्या कंपनीची दरपत्रिका उघडा, तिला इथे प्राइसलिस्टं म्हणतात, आणि तिच्यात "श्वाइत्स" शोधा. ते युनियनच्या देशांच्या गटात दिसलं, तर हा लेख इथेच सोडा आणि जाऊन चीज खा. वेगळ्या गटात असेल तर पुढे वाचा.

सात रात्रींची सहल धरू. झ्युरिक, लुत्सर्न, इंटरलाकन, एक माणूस. नकाशे, गाडीचं ॲप, व्हॉट्सॲप आणि रात्री हॉटेलच्या वायफायवर कॉल असं केलं तर आठवड्याला तीन-चार जीबी पुरतात. त्यासाठी फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप बंद हवा, नाहीतर तितलिसवर काढलेले दोनशे फोटो दुपारीच निम्मा डेटा खातील. पुढचे दर हिशेबासाठी धरलेले आहेत. तुम्ही जाल त्या दिवशीचे घाला, पद्धत तीच.

रोमिंग पॅक. समजा तुमच्या जर्मन नंबरवर दिवसाचा पॅक 6 युरो आहे. लोक सात दिवस म्हणून 42 मोजतात. पण सात रात्री म्हणजे आठ तारखा. पॅक तारखेवर चालत असेल तर शनिवारी दुपारी पोचून पुढच्या शनिवारी दुपारी निघालात तरी 48 युरो. सुरू केल्यापासून चोवीस तास असा असेल तर रात्री नऊला न करता सकाळी सुरू करा. काही कंपन्या आठवड्याचा पॅक देतात, समजा 15 युरोंत 1 जीबी. तो सोमवारपर्यंत संपतो, मग दुसरा, मग तिसरा. चार जीबी लागले तर साठ युरो झाले. रोमिंगचा एक खरा फायदा म्हणजे तुमचा नंबर तुमच्यासोबत असतो, आणि पॅकमध्ये मिनिटं असतील तर कॉलही त्यातच.

स्थानिक सिम. झ्युरिकच्या मुख्य स्टेशनात किंवा विमानतळावर मिळतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. रविवारी गावातली दुकानं बंद, ही दोनच ठिकाणं बहुधा उघडी. समजा सिम 20 फ्रँकचं, त्यात 10 फ्रँक बॅलन्स, आणि 10 जीबीचा पॅक 25 फ्रँकचा. कमी पडले 15, पण रिचार्ज 20 चाच. एकूण 40 फ्रँक. फ्रँक युरोपेक्षा थोडा महाग असल्यामुळे ते साधारण 42 युरो. उरलेले 5 फ्रँक तिथेच राहतात, पुढच्या वर्षी त्यासाठी कोणी परत जात नाही. शिवाय रांगेत पाऊण तास. एकट्यासाठी हे परवडत नाही. चार जणांचं कुटुंब सतत एकत्र फिरणार असेल आणि एकाच फोनच्या हॉटस्पॉटवर भागणार असेल, तर मात्र माणशी साडेदहा युरो पडतात आणि हिशेब बदलतो.

ईसिम. म्हणजे कार्डाऐवजी क्यूआर कोडने फोनमध्ये टाकायचं सिम. हल्ली माझा कल इकडेच. समजा 5 जीबी, तीस दिवस, 10 युरो. फोनवर `*#06#` डायल करा. आलेल्या आकड्यांत EID दिसला तर फोनला ईसिम चालतं. घेताना "युरोप" या शब्दावर जाऊ नका, देशांची यादी उघडून स्वित्झर्लंड आहे का बघा. "अनलिमिटेड"वरही जाऊ नका. बऱ्याचदा रोज ठरावीक डेटानंतर वेग इतका पडतो की नकाशासुद्धा उघडत नाही.

पण 10 युरो ही पूर्ण किंमत नव्हे, आणि इथेच बहुतेक तुलना चुकतात. प्रवासी ईसिमला सहसा नंबर नसतो, फक्त डेटा. तुमचा जर्मन नंबर फोनमध्ये चालूच राहतो, आणि त्यावर आलेला कॉल उचललात तर त्याचे पैसे तुमचे, कारण युनियनचा फुकट येणारा कॉल इथे नाही. घरमालकाने नळाबद्दल बारा मिनिटं बोलायचं ठरवलं आणि दर मिनिटाला 1 युरो असेल, तर ईसिम 22 युरोंचं झालं. तरी ते 48 च्या निम्म्याहून कमीच. नंबर पाहून ठेवून द्या आणि व्हॉट्सॲपवर उलट फोन करा. निघण्यापूर्वी जर्मनीतच `##002#` डायल करून सगळं कॉल फॉरवर्डिंग काढा. नाहीतर न उचललेला कॉल व्हॉइसमेलकडे परत वळतो आणि युनियनबाहेर त्याचेही पैसे लागू शकतात, येण्याचे वेगळे, वळवण्याचे वेगळे.

ईसिम घरी वायफायवर बसूनच टाका. त्याची मुदत टाकल्यापासून सुरू होते की तिथलं नेटवर्क पकडल्यापासून, ते आधी वाचा, नाहीतर चार दिवस घरीच संपतात. तिथे पोचून नेट लागलं नाही तर घाबरून ईसिम डिलीट करू नका. क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. नव्वद टक्के वेळा कारण एकच असतं: "रोमिंग बंद ठेवा" हे ऐकून माणसाने दोन्ही सिमवर बंद केलेलं असतं. ईसिमची कंपनी बहुतेक वेळा तिसऱ्याच देशातली असते, म्हणून ईसिमच्या लाइनवर डेटा रोमिंग चालू हवं आणि जर्मन लाइनवर बंद. आयफोनवर शिवाय `Allow Cellular Data Switching` बंद करा. ते चालू राहिलं तर ईसिमची रेंज गेली की फोन गुपचूप जर्मन लाइनवर डेटा ओढायला बघतो. खात्री करायची तर सेटिंगमध्ये लाइनप्रमाणे डेटाचा आकडा दिसतो. जर्मन लाइनचा आकडा संध्याकाळपर्यंत हलता कामा नये.

आई-बाबा पुण्याहून आले असतील तर त्यांचं भारतीय सिम फोनमध्येच राहू द्या, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. डेटा रोमिंग बंद आणि कॉल न उचलणे, एवढं त्यांना बजावा. विमा एजंटाचा कॉल पॅकशिवाय उचलला तर मिनिटाचे पैसे बाबांना कळल्यावर उरलेली सहल त्यावरच जाते. त्यांच्या नावाने दहा दिवसांचा भारतीय रोमिंग पॅक घेण्याआधी एवढंच बघा की ते तुमच्याशिवाय कुठे जाणार आहेत का. नसतील तर तुमच्या ईसिमच्या हॉटस्पॉटवर त्यांचं भागतं, फक्त तुम्ही 5 ऐवजी 10 जीबी घ्या. पोस्टपेड असेल तर जाहिरातीतल्या दरावर 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, तोही धरा.

मी स्टुटगार्टहून झ्युरिकच्या गाडीत बसलो की झिंगन स्टेशनला जर्मन लाइनचं डेटा रोमिंग बंद करतो, कारण पुढचं शाफहाउझन स्वित्झर्लंडमध्ये आहे. परतताना शाफहाउझन गेलं तरी हात लावत नाही. झिंगनच्या फलाटावर गाडी थांबली की मग चालू करतो.